ऑर्डर कुठे पोहोचली ते दाखवणारी लिंक आणि इतर ग्राहकांची माहिती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील लहान व्यापाऱ्यांसाठी आम्ही ऑर्डरची स्थिती दाखवणारी पाने तयार करतो. ग्राहकाला एसएमएस किंवा व्हॉट्सअॅपवर एक लिंक जाते आणि ती उघडली की त्याचा माल कुठे आहे ते दिसते. ही लिंक सुरक्षित कशाने होते, ती कुठे फसते आणि फसली आहे हे कसे ओळखावे, याविषयी व्यापारी आणि ग्राहक आम्हांला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः वाशीच्या फळबाजारातून घरपोच जाणाऱ्या हापूसच्या पेट्यांची आहेत, कारण हे काम आम्ही तेथेच शिकलो आणि आमची सर्वांत मोठी चूकही तेथेच झाली.

ग्राहकाला लॉगिन का करावे लागत नाही? पासवर्डशिवाय हे पान सुरक्षित कसे?

वर्षातून दोन वेळा आंब्याची पेटी मागवणारा माणूस त्यासाठी खाते उघडत नाही, आणि उघडलेच तर पुढच्या हंगामापर्यंत पासवर्ड विसरतो. मग तो दुकानात फोन करतो, आणि एप्रिलमध्ये गाळ्यावरचा फोन उचलायला कोणाला सवड नसते. त्यामुळे पासवर्डचे काम लिंकनेच करावे, असा हा मार्ग आहे. ज्या मोबाइलवरून ऑर्डर दिली, त्याच मोबाइलवर लिंक जाते आणि तिच्यात अंदाजाने सांगता न येणारी अक्षरांची एक लांब रांग असते. या रांगेला आम्ही टोकन म्हणतो. ज्याच्या हाती टोकन त्याला पान दिसते. म्हणजे लिंक ही किल्लीच आहे, आणि पुढची सर्व काळजी ही किल्ली नीट घडवण्याची व तिने नेमके कोणते कुलूप उघडावे हे ठरवण्याची आहे.

लिंकमध्ये ऑर्डर क्रमांक टाकला तर काय बिघडते? तो तर ग्राहकाला माहीत असतोच.

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि आम्ही स्वतः येथेच चुकलो होतो.

तीन हंगामांपूर्वी वाशीच्या एका व्यापाऱ्यासाठी आम्ही पहिले पान केले, तेव्हा लिंकच्या शेवटी सरळ ऑर्डर क्रमांक ठेवला होता. नेरूळच्या एका ग्राहक बाईंच्या जुन्या फोनवर लिंक दाबली तरी उघडेना, म्हणून त्यांनी ती पाहून हाताने टाइप केली आणि 4127 ऐवजी 4217 लिहिले. त्यांच्यासमोर ऐरोलीतील एका कुटुंबाचे नाव, इमारत, सदनिका क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि ‘दोन पेट्या, रक्कम रोख घ्यावी’ असा मजकूर आला. बाई सुज्ञ होत्या. त्यांनी पान बंद केले आणि व्यापाऱ्याला फोन करून सांगितले की माझ्या पेटीच्या जागी दुसऱ्याचीच पेटी दिसते आहे. व्यापाऱ्याला वाटले की पेट्यांची अदलाबदल झाली. आम्ही सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा पेट्या आपापल्या जागी होत्या, पण एका रात्री कोणीतरी एकाच ठिकाणाहून चारशेच्या आसपास क्रमांक ओळीने, एकापुढे एक, उघडून पाहिले होते. ऐरोलीच्या कुटुंबाची माहिती बाईंना चुकून दिसली होती. त्या चारशे जणांची कोणीतरी मुद्दाम पाहिली होती.

ऑर्डर क्रमांक गुप्त नसतो, तो पेटीवरच्या चिठ्ठीवर आणि पावतीवरही छापलेला असतो. तो ओळीने वाढतो, त्यामुळे आपला क्रमांक माहीत असलेल्या प्रत्येकाला शेजारचा क्रमांकही माहीत असतो. सर्व्हरने ‘हा क्रमांक अस्तित्वात आहे का’ एवढेच विचारले आणि ‘विचारणाऱ्याला तो पाहण्याचा अधिकार आहे का’ हे विचारले नाही, तर हा प्रकार होणारच. वेबच्या धोक्यांची यादी करणाऱ्या ओवास्प या संस्थेने 2021 च्या यादीत अशा तुटलेल्या प्रवेश-नियंत्रणाला पहिले स्थान दिले होते. आमची चूक नवी नव्हती. ती टाळणे आमच्याच हातात होते.

पूर्वीची आणि आताची लिंक शेजारी ठेवली तर फरक लगेच दिसतो:

```
https://track.example.com/o/4127
https://track.example.com/o/q7Zc1mVx0RkT9bLw2HsYpA
```

टोकन एवढे लांब कशासाठी? सहा अक्षरे पुरणार नाहीत का?

सहा अक्षरांचा आग्रह प्रत्येक व्यापारी धरतो, कारण संदेश आटोपशीर होतो. म्हणून येथे हिशेब मांडून दाखवतो. इंग्रजी लहान व मोठी अक्षरे आणि अंक मिळून 62 चिन्हे होतात, आणि त्यांच्या सहा घरांच्या रांगा सुमारे 5,680 कोटी होतात. हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. पण हंगामात एका वेळी 20,000 ऑर्डर चालू असतील, तर कोणतीही एक ऑर्डर हाती लागणे हल्लेखोराला पुरेसे असते. त्याला विशिष्ट माणूस नको असतो. तेव्हा सरासरी 28 लाख प्रयत्नांत एक लिंक उघडते. सेकंदाला शंभर प्रयत्न करणारा साधा प्रोग्राम हे काम आठ तासांच्या आत करतो, म्हणजे रात्री लावून ठेवला तर सकाळपर्यंत.

22 चिन्हांच्या टोकनात 128 बिटांची यादृच्छिकता मावते. तेथे हाच हिशेब केला, तर सेकंदाला कोट्यवधी प्रयत्न करणाऱ्यालाही विश्वाच्या वयापेक्षा अधिक काळ लागेल. अर्थात यासाठी टोकन खरोखर यादृच्छिक असले पाहिजे. ऑर्डर क्रमांक, तारीख आणि मोबाइल क्रमांक एकत्र घुसळून तयार केलेली रांग दिसायला तितकीच गुंतागुंतीची असते, पण कृती कळली की ती कोणालाही तयार करता येते. त्यासाठी प्रत्येक संगणक प्रणालीत सुरक्षेच्या कामासाठी वेगळा यादृच्छिक-निर्माता असतो, आणि तोच वापरावा.

आणखी एक गोष्ट आम्ही नेहमी करतो. डेटाबेसमध्ये टोकन जसेच्या तसे न ठेवता त्याचा एसएचए-256 हा ठसा ठेवतो. लिंक उघडली की आलेल्या टोकनाचा ठसा काढायचा आणि तो जुळवायचा. उद्या डेटाबेसची प्रत चुकीच्या हाती पडली, तरी ठशावरून टोकन उलटे काढता येत नाही आणि ग्राहकांकडे गेलेल्या लिंक त्या प्रतीतून कोणाला मिळत नाहीत. विचारणा साधारण अशी असते:

```
SELECT status, eta, boxes, area, mobile_last2 FROM shipments
WHERE token_hash = $1 AND expires_at > now();
```

या विचारणेत ऑर्डर क्रमांक कुठेच नाही, आणि ग्राहकाकडून येणारा कोणताही क्रमांक सर्व्हर वाचतच नाही. त्यामुळे तो बदलून पाहण्याची सोयच उरत नाही.

एवढी लांब लिंक एसएमएसमध्ये बसते का?

बसते, पण मराठीत थोडी कसरत करावी लागते. देवनागरी अक्षरे असलेल्या एका एसएमएसमध्ये 70 चिन्हे मावतात. इंग्रजी मजकूर असेल तर 160. मराठी मजकूर 70 च्या पुढे गेला की संदेशाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात 67 चिन्हे राहतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. काना, मात्रा, अनुस्वार ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘आपली पेटी निघाली आहे’ हे लहानसे वाक्यही रिकाम्या जागांसह 20 चिन्हे खाते. आमचा सल्ला असा आहे की दोन तुकड्यांचा खर्च सोसावा, लिंकचा पत्ता छोटा घ्यावा, पण टोकन कापू नये. फुकटची लिंक लहान करणारी सेवाही वापरू नये, कारण मग 22 चिन्हांच्या टोकनाची किल्ली पुन्हा सहा-सात चिन्हांच्या पेटीत ठेवल्यासारखे होते.

व्यापाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की ट्राय या दूरसंचार नियामकाच्या निर्देशानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून ज्या वेबपत्त्याची आधी नोंद करून मान्यता घेतलेली नाही, तो पत्ता असलेले व्यावसायिक एसएमएस दूरसंचार कंपन्या पुढे पाठवत नाहीत. संदेशाचा ठरीव मजकूर आणि पाठवणाऱ्याचे नाव जसे दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर नोंदवावे लागते, तसाच लिंकचा पत्ताही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ‘संदेश जातच नाहीत’ अशी तक्रार आली की आम्ही प्रथम हेच तपासतो.

पानावर नेमके काय दाखवावे?

ज्याने ऑर्डर दिली त्याला आपला पत्ता पाठ असतो. तो पुन्हा वाचण्यासाठी तो पान उघडत नाही. त्याला पेटी निघाली का, आज येईल का आणि साधारण किती वाजता, एवढेच हवे असते. म्हणून आम्ही स्थिती, अपेक्षित वेळ, पेट्यांची संख्या, ‘कोपरखैरणे’ किंवा ‘घोडबंदर रोड’ असे विभागाचे नाव आणि मोबाइलचे शेवटचे दोन अंक दाखवतो. पूर्ण नाव, सदनिका क्रमांक आणि पूर्ण मोबाइल क्रमांक पानावर नसतोच. लिंक कधी भलत्या हाती गेली, तरी तिच्यातून फार काही हाती लागत नाही.

येथे एक फसवी चूक वारंवार आढळते. पानावर पत्ता दिसत नाही, पण सर्व्हर मात्र ऑर्डरची संपूर्ण नोंद पाठवतो आणि ब्राउझर त्यातले थोडेच दाखवतो. डोळ्यांना सर्व ठीक वाटते. तपासायचे असेल तर संगणकावर ते पान उघडून F12 दाबावे, Network हा भाग उघडावा, पान पुन्हा लोड करावे आणि सर्व्हरकडून आलेले उत्तर वाचावे. तेथे address किंवा mobile यांसमोर पूर्ण मजकूर दिसला, तर माहिती बाहेर गेलेलीच आहे. काय लपवायचे हे सर्व्हरनेच ठरवून तेवढेच पाठवायला हवे. वरच्या विचारणेत पाचच गोष्टी मागितल्या आहेत, त्या याच कारणाने.

एकाच ग्राहकाने चार नातेवाइकांना पेट्या पाठवल्या, तर लिंक एक की चार?

चार, आणि पैसे भरणाऱ्याची पाचवी. आंब्याच्या व्यवसायात हे नेहमीचे आहे. पाचपाखाडीत राहणारा मुलगा आईला, बहिणीला, सासऱ्यांना आणि आपल्या साहेबांना एकेक पेटी पाठवतो. सर्वांना एकच लिंक गेली, तर साहेबांना सासऱ्यांचा विभाग आणि एकूण रक्कम दिसेल, आणि कोणाला देवगडचा आंबा गेला व कोणाला रत्नागिरीचा, हेही सर्वांना कळेल. म्हणून टोकन ग्राहकाला किंवा मोबाइल क्रमांकाला न जोडता त्या एका खेपेला जोडावे. भेट मिळणाऱ्याच्या पानावर किंमत दिसत नाही. पैसे भरणाऱ्याच्या पानावर चारही पेट्यांची स्थिती दिसते, पण पत्ते नाहीत. ‘पेटी 1, ऐरोली’ एवढेच दिसते.

टोकन मोबाइल क्रमांकाला जोडले तर आणखी एक घोटाळा होतो. एकाच घरातील तिघे जण वडिलांच्या क्रमांकावरून ऑर्डर देतात आणि मग एका लिंकमधून घरातल्या सर्वांच्या जुन्या ऑर्डरी उलगडतात. त्या लिंकचा उपयोग आजच्या पेटीपुरताच असायला हवा.

नकाशावर टेम्पो दाखवता येईल का?

येईल, पण टेम्पोच्या मार्गावर इतर ग्राहकांची घरे असतात, ही गोष्ट येथे सहज विसरली जाते. समजा टेम्पो सकाळी वाशीहून निघाला आणि ठाण्यापर्यंत बावीस ठिकाणी थांबणार आहे. विसाव्या क्रमांकाचा ग्राहक सकाळपासून नकाशा पाहत बसला, तर आधीच्या एकोणीस थांब्यांची ठिकाणे त्याला इमारतीच्या फाटकापर्यंत कळतात. माहिती डेटाबेसमधून गळाली काय किंवा नकाशातून काय, ज्याचे घर उघडे पडले त्याला दोन्ही सारखेच.

आम्ही ‘आपल्या आधी 6 ठिकाणे आहेत’ एवढे सांगतो. ग्राहकाची पाळी पुढचीच असेल तेव्हाच टेम्पोचे ठिकाण दाखवतो, आणि पेटी पोहोचताच ते बंद करतो. चालकाच्या दृष्टीनेही हेच योग्य आहे; त्याने चहासाठी गाडी कुठे थांबवली याच्याशी ग्राहकाचा संबंध नाही.

पेटी पोहोचल्याच्या फोटोलाही हाच नियम आहे. पोहोचवणाऱ्याने दारासमोर पेटी ठेवून फोटो काढला की त्यात शेजारच्या दारावरची नावाची पाटी येते, किंवा हातगाडीवरच्या दुसऱ्या पेटीची चिठ्ठी, नाव व क्रमांकासकट, येते. म्हणून फोटो जवळून आणि फक्त त्या पेटीचा घ्यायला सांगावा. शिवाय फोटोचा स्वतःचा पत्ता `4127.jpg` असा असेल, तर लिंकवर घेतलेली सर्व मेहनत वाया जाते, कारण `4128.jpg` कोणीही उघडू शकतो. फोटोसाठी सर्व्हरने दर वेळी काही मिनिटांपुरता चालणारा, सही केलेला पत्ता द्यावा.

लिंक दुसऱ्या कोणाला फॉरवर्ड केली तर?

त्याला पान दिसेल. ही या पद्धतीची मर्यादा आहे आणि बहुतेक वेळा ती सोयीचीच असते. घरी नसलेली ग्राहक शेजारच्या काकूंना किंवा सोसायटीच्या वॉचमनला लिंक पाठवते आणि पेटी घ्यायला सांगते. त्यामुळे लिंकने फक्त पाहता यावे, काही बदलता येऊ नये. पत्ता बदलणे, वेळ बदलणे किंवा ऑर्डर रद्द करणे यासाठी नोंदवलेल्या मोबाइलवर वेगळा ओटीपी जावा. पेटी ताब्यात देताना विचारला जाणारा अंकही पानावर छापू नये, कारण तो तेथे असला की लिंक मिळालेला प्रत्येक जण पेटीचा मालक ठरतो.

‘ही लिंक आधीच वापरली आहे’ असे येते, पण ग्राहकाने ती उघडलीच नव्हती. असे का होते?

एकदाच चालणारी लिंक अधिक सुरक्षित, असे वाटून काही जण तशी लिंक करतात. परंतु व्हॉट्सअॅपसारख्या अॅपमध्ये लिंकखाली जे लहानसे चित्र व शीर्षक दिसते, ते तयार करण्यासाठी अॅप स्वतःच ती लिंक उघडून पाहते. काही कार्यालयांच्या मेलमधील विषाणूतपासणीही तसेच करते. म्हणजे ग्राहकाच्या बोटाआधी यंत्राचा हात लागलेला असतो आणि एकदाची पाळी संपून जाते. ऑर्डर पाहण्याची लिंक मुदत संपेपर्यंत कितीही वेळा उघडता यावी, आणि नुसती उघडल्याने सर्व्हरवरची कोणतीही नोंद बदलू नये. त्या लहानशा चित्राखालच्या शीर्षकात ग्राहकाचे नाव किंवा ऑर्डरचा तपशील येणार नाही, हेही पाहावे. गटात फॉरवर्ड झालेल्या लिंकखाली ते सर्वांना वाचता येते.

टोकन योग्य असूनही दुसऱ्याची ऑर्डर दिसली. हे कसे शक्य आहे?

हा दोष क्वचित घडतो, पण घडला की सर्वांत अधिक गोंधळात टाकतो, कारण लिंक, टोकन, डेटाबेस सर्व काही बरोबर असते. पान लवकर उघडावे म्हणून मध्ये एक साठवण सर्व्हर असतो. तो एकदा पाहिलेले पान जपून ठेवतो आणि पुढच्या माणसाला तेच देतो. दुकानाच्या मुखपृष्ठासाठी हे उत्तम आहे. पण समजा पत्ता सर्वांचा सारखा, `/status` असा आहे आणि टोकन कुकीत किंवा प्रश्नचिन्हापुढे आहे, व साठवण सर्व्हर तो भाग विचारात घेत नाही. मग सकाळी सातला पान उघडणाऱ्या घणसोलीच्या ग्राहकाची माहिती पुढची दहा मिनिटे सर्वांना दिसते.

याची खूण अशी की दोष येतो आणि आपोआप जातो, आणि एकाच वेळी अनेकांना *एकाच* अनोळखी माणसाची ऑर्डर दिसते. आमच्या जुन्या चुकीत प्रत्येकाला वेगळ्याची दिसत होती. हा फरक विचारला की अर्धे निदान होते. तपासणीसाठी दोन ऑर्डरच्या लिंक दोन फोनवर, दोन वेगळ्या मोबाइल नेटवर्कवर, लागोपाठ उघडून पाहाव्यात आणि हे दर वेळी सर्व्हरची मांडणी बदलली की करावे. उपाय म्हणून सर्व्हरने उत्तरासोबत या ओळी पाठवाव्यात, आणि साठवण सर्व्हर पहिली ओळ खरोखर पाळतो याची खात्री करावी:

```
Cache-Control: no-store
Referrer-Policy: no-referrer
X-Robots-Tag: noindex
```

दुसरी ओळ कशासाठी, तेही सांगतो. पानावरून ग्राहक दुसऱ्या संकेतस्थळावर गेला, तर तो कुठून आला हे ब्राउझर त्या संकेतस्थळाला सांगू शकतो आणि त्या पत्त्यात आपले टोकन जाण्याचा धोका असतो. याच कारणाने या पानावर जाहिरातींचे किंवा भेटी मोजणाऱ्या परक्या सेवेचे कोड आम्ही ठेवतच नाही. त्या सेवा पानाचा पूर्ण पत्ता आपल्याकडे नोंदवतात. आपल्या स्वतःच्या सर्व्हरच्या नोंदवहीतही टोकनाची पहिली चार चिन्हेच लिहावीत. तिसरी ओळ शोधयंत्रांना हे पान यादीत घेऊ नका, असे सांगते.

लिंक किती दिवस चालू ठेवावी?

पेटी पोहोचल्यानंतर सात दिवस. आंबा पिकायला लागणारा वेळ आणि खराब निघाल्यास तक्रार करण्याची मुदत त्यात बसते. फर्निचर किंवा चष्म्याच्या दुकानाने आपल्या बदलून देण्याच्या मुदतीप्रमाणे ठरवावे, पण ‘कायमची’ हे उत्तर कोठेही योग्य नाही. बंद झालेला मोबाइल क्रमांक भारतात किमान 90 दिवसांनी दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो, आणि जुन्या क्रमांकावर जाणारे पुढचे संदेश मग नव्या माणसाला मिळतात. म्हणून मागच्या हंगामातील क्रमांकावर आपणहून लिंक पाठवू नये. नव्या ऑर्डरच्या वेळी क्रमांक पुन्हा विचारून घ्यावा.

ग्राहकाने लिंक हरवली तर?

संकेतस्थळावर ऑर्डर क्रमांक आणि मोबाइल क्रमांक विचारणारा लहानसा अर्ज असावा. दोन्ही जुळले तर ऑर्डर *पडद्यावर* दाखवू नये; नवी लिंक नोंदवलेल्या मोबाइलवरच पाठवावी आणि जुनी बंद करावी. पडद्यावर जुळले तरी आणि न जुळले तरी एकच वाक्य यावे: ‘माहिती बरोबर असल्यास आपल्या मोबाइलवर लिंक पाठवली आहे.’ ‘हा मोबाइल क्रमांक आमच्याकडे नाही’ असे उत्तर दिले, तर कोण आपले ग्राहक आहे हे कोणीही एकेक क्रमांक टाकून शोधू शकतो. एका क्रमांकावर तासात तीनपेक्षा अधिक संदेश जाऊ देऊ नयेत, नाहीतर कोणी खोडसाळपणे एखाद्याचा फोन संदेशांनी भरून टाकील.

मुदत संपलेल्या लिंकवर मात्र ‘या लिंकची मुदत संपली आहे’ असे स्पष्ट सांगायला हरकत नाही. 22 चिन्हांचे टोकन अंदाजाने सापडत नाही, त्यामुळे ते ज्याच्याकडे आहे त्याला ते कधीतरी मिळालेलेच असते, आणि ग्राहकाला नुसते ‘चूक’ असे सांगून घाबरवण्यात अर्थ नाही.

ग्राहकाने खरी लिंक कशी ओळखावी?

पत्त्यात दुकानाचे नोंदवलेले नाव पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या *लगेच अगोदर* आहे का, ते पाहावे. त्यानंतरचा मजकूर कोणीही काहीही लिहू शकतो. संदेश दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून आला असेल, तर तो डीएलटीवर नोंदवलेला व्यावसायिक एसएमएस नव्हे. आणि आमच्या कोणत्याही पानावर पैसे मागितले जात नाहीत, अॅप उतरवायला सांगितले जात नाही. ‘पत्ता अपुरा आहे, 25 रुपये भरा’ असे पान दिसले तर ते बंद करून पावतीवरच्या क्रमांकावर फोन करावा.

एखाद्या ग्राहकाला दुसऱ्याची माहिती दिसलीच, तर व्यापाऱ्याने पहिल्या तासात काय करावे?

प्रथम पान पूर्ण बंद करावे आणि ‘स्थितीसाठी फोन करा’ एवढाच मजकूर ठेवावा. पेटी तशीही पोहोचणारच आहे. सर्व्हरच्या नोंदी पुसल्या जाणार नाहीत अशा दुसऱ्या जागी उतरवून घ्याव्यात, कारण किती जणांची माहिती गेली याचे उत्तर फक्त तेथेच असते. ज्याने कळवले त्याच्याकडून पडद्याचा फोटो मागू नये, कारण तो फोटो म्हणजे त्याच माहितीची आणखी एक प्रत होते. वेळ आणि टोकनाची पहिली काही चिन्हे पुरतात. सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार माहिती फुटल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये डेटा संरक्षण मंडळाला व ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला कळवण्याची तरतूद आहे.

वाशीच्या त्या प्रसंगी आम्ही व्यापाऱ्याच्या गाळ्यावर बसून नोंदीतल्या चारशे ग्राहकांना दोन दिवसांत एकेक फोन केला. कोणती माहिती दिसली, कधी दिसली, आणि आंब्याच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका, असे प्रत्येकाला सांगितले. बहुतेकांनी शांतपणे ऐकून घेतले. ऐरोलीच्या त्या कुटुंबातल्या आजोबांनी मात्र विचारले, ‘आमचा फोन नंबर पानावर लिहायची गरजच काय होती?’ त्यानंतर केलेल्या प्रत्येक पानावर, एखादा रकाना ठेवण्याआधी, आम्ही हाच प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळाले नाही तर तो रकाना काढून टाकतो.